मुंबईच्या वेशीवरचा भीमा

गाव सोडून मुंबईला आलेल्या माणसाची गोष्ट म्हटली की काही गोष्टी आपण धरूनच चालतो. डोक्यावर वळकटी, वेशीपर्यंत सोबत आलेली म्हातारी, स्टेशनावरची भांबावून टाकणारी गर्दी, चाळीतली दहा बाय दहाची खोली आणि पहाटेचा गिरणीचा भोंगा. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत यातलं काहीही नाही. तरीही स्थलांतरावरची मराठीतली कुठली एक कथा वाचायला द्याल, असं कुणी विचारलं तर मी हीच देतो. वर्गात ती शिकवतो, घरी पुन्हा वाचतो आणि दर वेळी तिच्या रचनेकडे नव्यानं पाहावं लागतं.

कथा ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वारणेकाठच्या गावचा भीमा अंगानं धिप्पाड आहे. गावात पोट भरेना म्हणून तो बायको आणि लहान मुलीला घेऊन मुंबईला येतो. शहरभर हिंडूनही काम मिळत नाही. शेवटी शहराबाहेर, रानालगतच्या झोपड्यांत तो बिऱ्हाड मांडतो आणि जवळच्या दगडाच्या खाणीत कामाला लागतो. काही महिन्यांत खाण बंद पडते. हताश होऊन घरी परतताना ओढ्याकाठी जळून गेलेल्या चितेची राख त्याला दिसते आणि त्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. तिथून त्याचा नवा धंदा सुरू होतो. आधी राख चाळून सोन्याचे कण वेचायचे, मग पुरलेली प्रेतं उकरायची. एका रात्री असंच एक प्रेत उकरत असताना त्याची दोन बोटं जायबंदी होतात आणि ती कापावी लागतात. नेमकी त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

एवढं कथानक. आता गंमत अशी की या ‘मुंबईला आलेल्या’ माणसाच्या गोष्टीत मुंबई जवळजवळ नाहीच. भीमानं कामासाठी सगळी मुंबई पालथी घातली हे दोन-चार ओळींत उरकलं जातं. एखादा रस्ता, नाका, गिरणीचं फाटक, समुद्र, काहीही डोळ्यांपुढे उभं राहत नाही. जे उभं राहतं ते सगळं कडेला आहे: खाण, झोपड्या, रान, ओढा, स्मशान. अण्णा भाऊंना शहर रंगवता येत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. त्यांच्या मुंबईवरच्या लावणीत मलबार हिलची कुबेरवस्ती आणि परळचे राबणारे कामगार एकमेकांसमोर उभे केलेले आहेत, अख्ख्या शहराचा आडवा छेद त्यात आहे. म्हणजे इथे त्यांनी शहर जाणूनबुजून बाहेर ठेवलं आहे. भीमा मुंबईला आला, पण मुंबईत शिरू शकला नाही. लेखक हे कुठेही बोलून दाखवत नाही, कथेच्या जागाच ते सांगतात. शहराला लागणारा दगड जिथून निघतो तिथे भीमाला जागा आहे आणि मेलेली माणसं जिथे आणून ठेवतात तिथे जागा आहे. या दोहोंच्या मधलं जे शहर, जिथे तो दगड रस्त्याला आणि इमारतीला लागतो आणि जिथे ती माणसं जगलेली असतात, ते त्याच्यासाठी बंद आहे.

गावाचंही तसंच. वारणाकाठ एकदा येतो आणि जातो. भीमाला शेत आठवत नाही, जत्रा आठवत नाही, परत जावं असंही त्याच्या मनात येत नाही. याच लेखकाची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड महाराष्ट्रभर गाजली. तिच्यात मुंबईला आलेल्या माणसाचा जीव गावात अडकलेला आहे आणि ती विरहाची कळ पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला जाऊन भिडते. छक्कड हजारोंच्या सभेत म्हणायची असते, तिथे सगळ्यांच्या मनात असलेल्या गावाला हाक घालावी लागते. कथेत मात्र अण्णा भाऊंनी ती हाक गिळून टाकली. भुकेनं बाहेर काढलेल्या माणसाला गाव आठवायला उसंत नसते, असा मी त्याचा अर्थ लावतो. स्वतः अण्णा भाऊ आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, जन्म १ ऑगस्ट १९२० चा. पोरवयात आईवडिलांबरोबर पायी चालत त्यांनी मुंबई गाठली असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. एवढा मोठा प्रवास पायांनी केलेला माणूस आपल्या नायकाच्या प्रवासाला एखादं वाक्य देतो, हे माझ्या मनातून जात नाही.

कथा कुठे किती थांबते हे पाहण्यासाठी मी मुलांना एक साधं काम देतो. पेन्सिल घ्या, समासात रेघ मारत जा आणि कुठल्या परिच्छेदात किती काळ गेला ते शेजारी लिहा. चालू प्रसंग, मागची आठवण, एका ओळीत उडालेले महिने, असं जे दिसेल ते. दहा-पंधरा मिनिटांत कथेचा सांगाडा कागदावर येतो. सुरुवातीला एकच दिवस आहे. शेजारच्या गावातलं एक बडं माणूस मेल्याची बातमी भीमाला कळते, त्याला कमालीचा आनंद होतो आणि तो सूर्य कधी मावळतोय याची वाट बघत बसतो. मग काळ मागे जातो. गाव, मुंबई, खाण, बेकारी, राख, अंगठी, बायकोशी वाद, हे सगळे महिने भराभर उरकतात. मग पुन्हा तोच दिवस, आता मावळलेला, आणि इथून कथा जी मंदावते ती एकेका श्वासागणिक चालायला लागते. एका रात्रीच्या काही तासांना जवळपास तेवढीच जागा मिळते जेवढी आधीच्या सगळ्या आयुष्याला मिळाली. आणि शेवट, म्हणजे ताप, डॉक्टर, बोटं कापणं, खाणीची बातमी, हे सगळं काही वाक्यांत संपतं.

पहिल्या परिच्छेदातली ती खुशी मुद्दाम तिथे ठेवलेली आहे. कुणाच्या तरी मरणानं हा माणूस हरखून का गेला, हे आपल्याला कळत नाही. शेजारी घरसंसार चालू आहे, मुलगी खेळते आहे, बायको कामात आहे, आणि हा मात्र अंधाराची वाट बघतो आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, वैर असेल, सूड असेल. ज्याच्या मरणाचा भीमाला आनंद झाला त्या माणसाला तो ओळखतसुद्धा नव्हता, हे पुढे उमगतं आणि तिथे अंगावर काटा येतो. आता हीच कथा सरळ सांगून बघा: भीमा गावाहून आला, काम मिळालं, काम गेलं, प्रेतं उकरू लागला. दुःखद आहे, पण वाचक सुरुवातीपासूनच भीमाच्या बाजूनं उभा राहतो आणि त्याला फारसं काही सोसावं लागत नाही. अण्णा भाऊंनी क्रम उलटा केल्यामुळे आधी आपल्याला भीमाची किळस येते, मग कारणं कळतात आणि मग आपल्याच किळसेचा आपल्याला विचार करावा लागतो. शाहिरी फडावर वाढलेल्या लेखकाला श्रोत्याला कुठे अडकवायचं आणि कुठे मोकळं करायचं हे पुरतं ठाऊक असणार. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. समोरच्या गर्दीला धरून ठेवायचा तो सराव या कथेच्या वाक्यावाक्यात दिसतो.

आता त्या रात्रीकडे येतो, कारण सगळा जीव तिथे आहे.

भीमा अंधारात स्मशान गाठतो. ताजी जागा शोधत असताना त्याला कळतं की आपल्या आधी इथे दुसरं कुणी पोचलं आहे. कोल्ह्यांनी प्रेताच्या वासावर येऊन चहूबाजूंनी माती उकरायला घेतलेली असते. मग कोल्ह्यांची टोळी आणि भीमा यांच्यात अक्षरशः लढाई होते. ते त्याचे लचके तोडतात, हा त्यांना हाणतो. दोघांनाही तेच प्रेत हवं आहे, एकाला मांसासाठी आणि दुसऱ्याला सोन्यासाठी, आणि मुळात दोघांचं कारण पोटच आहे. या प्रसंगात निवेदक कुठेही ‘माणूस जनावराच्या पातळीवर आला’ वगैरे म्हणत नाही. तो फक्त लढाई सांगतो, एखाद्या पोवाड्यातली सांगावी तशा आवेशानं. नायकाचं नाव भीम, त्याचं बळ हत्तीचं, भाषा वीराची, आणि रणांगण मात्र एका मढ्याचं. वीररसाची ती भाषा आणि खालचा प्रसंग यांत जे अंतर पडतं, त्यात मला त्या माणसाची सगळी शोकांतिका दिसते. असं बळ गावात वाया गेलं, शहरात डोंगर फोडण्यात काही महिने कामी आलं आणि आता कोल्ह्यांशी झुंजतं आहे.

कोल्हे हटल्यावर तो प्रेत बाहेर काढतो, काडी ओढतो, अंगावरचं सोनं काढतो. मग त्याला आठवतं की मेलेल्याच्या तोंडातही सोनं ठेवतात. दातखीळ बसलेली असते. तो पहारीचं टोक दातांत घालून जबडा उघडतो, बोटं आत घालून चाचपतो. तेवढ्यात कोल्हेकुई, कुत्र्यांचं भुंकणं, गाव जागं झाल्याची चाहूल. त्या घाईत तो बोटं आत असतानाच पहार काढून घेतो आणि जबडा त्याच्या दोन बोटांवर मिटतो. अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी बोटं अडकतात. माणसं कंदील घेऊन जवळ येत असतात. भीमा चिडून प्रेताला मारतो, तसे दात आणखी रुततात. शेवटी पुन्हा पहार घालून तो बोटं सोडवतो आणि पळतो.

बरीच वर्षं मी हा प्रसंग भयकथेसारखा वाचत होतो, म्हणजे मेलेल्या माणसानं जिवंत माणसाला चावा घेतला, असा. मग एकदा दगडाच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवलेल्या एका म्हाताऱ्याला ही गोष्ट वाचून दाखवली. जबड्याच्या जागी आल्यावर ते लगेच म्हणाले, “हे तर खाणीतलंच झालं की!” त्यांनी पहारीचं काम समजावून सांगितलं. सुरुंग उडवल्यावर दगड सगळा सुटत नाही, तडकतो. त्या फटीत पहारीचं टोक घालायचं, खाली दगडाचा टेकू द्यायचा आणि दुसऱ्या टोकावर अंगाचा भार टाकायचा. फट उघडते. आतली कपची काढायला किंवा पाचर सारायला कधीकधी हात घालावा लागतो. तेव्हा पहारीवरचा भार सोडायचा नाही, आधी हात बाहेर आणि मग पहार, हा पहिला धडा. दोन माणसं असतील तर हात घालणारा ओरडून सांगतो आणि मगच दुसरा पहार ढिली करतो. घाई झाली की बोटं जातात. त्यांच्याबरोबरच्या कितीतरी जणांची गेली होती.

त्या दिवसापासून ही कथा माझ्यासाठी बदलली. भीमा स्मशानात खाणकामच करत होता. हत्यार पहार, क्रिया फट उघडण्याची, आत हात घालून मोलाची वस्तू काढायची. आणि त्याला झालेला अपघातही खाणीतलाच आहे. फरक एवढाच की खाणीत दिवस असतो, सोबती असतो, घाई असली तरी पकडले जाण्याची भीती नसते. इथे तो एकटा आहे, काडीच्या उजेडात आहे आणि माणसं अंगावर येत आहेत. शिकलेलं कसब बरोबर आहे, पण ते सांभाळणारी माणसं बरोबर नाहीत. काम सुटतं तेव्हा मजुरी तर जातेच, पण ‘आधी हात काढ’ म्हणून ओरडणारा सोबतीही जातो. गावातून आलेल्या माणसाला शहरात जी काही नवी नाती मिळतात ती बहुधा कामावरच मिळतात, आणि या कथेत खाण बंद पडल्यावर भीमाला एकही माणूस भेटायला येत नाही. तंत्राच्या भाषेत बोलायचं तर एकच क्रिया दोन ठिकाणी घडवून लेखकानं आशय सांगितला आहे. पण ‘तंत्र’ हा शब्द वापरताना मला संकोच वाटतो. अण्णा भाऊंनी आयुष्यभर कष्टकऱ्यांचे हात जवळून पाहिले होते. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करताना ते म्हणाले होते की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलितांच्या तळहातावर तरलेली आहे. भाषणात तळहात पृथ्वी तोलतो आणि कथेत त्याच हाताची दोन बोटं जातात. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत हे मी वर्गात आवर्जून सांगतो.

वर्गात हमखास येणारा प्रश्न म्हणजे, “सर, भीमा चोर आहे का?” या प्रश्नावर कथेत वाद घातलेला आहे, आणि तो घातला आहे भीमाच्या बायकोनं. तिला हा पैसा नको आहे. मढी उकरून आणलेलं अन्न पोरीच्या तोंडात घालायचं हे तिला सोसवत नाही, भुताखेतांचं भय वाटतं. भीमाचं उत्तर साधारण असं, की भुतं रानात किंवा मसणात नसतात, या मुंबईतच भुतं भरली आहेत, आणि दिवसभर डोंगर फोडून जे मिळालं नाही ते राखेनं दिलं. माझ्या मते कथेतली ही सर्वांत महत्त्वाची बोलाचाली आहे, कारण निवेदक इथे कुणाचीच बाजू घेत नाही. बायकोचा धाक खोटा नाही, भीमाचा हिशेबही खोटा नाही. जिवंत माणसाला कामाला लावायला शहराकडे पैसा नाही, आणि मेलेल्याच्या तोंडात घालायला सोनं आहे. मुलांना मी एवढंच सांगतो की चोरी ठरवायची तर ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगा. इथे ते नाव राखेत आहे. मग वाद रंगतो आणि तास संपतो.

एक उणीव मला डाचते. ही बायको एवढं मोलाचं बोलून गप्प होते. भीमा राजी होत नाही तेव्हा पैसा घरात येतो, चूल पेटते, आणि तिचं पुढे काय झालं, ती मनातून मानली की फक्त बोलायची थांबली, हे कथा विचारत नाही. नवऱ्यामागून शहरात आलेल्या बाईचं स्थलांतर हे वेगळं स्थलांतर असतं. तिनं गाव सोडायचं ठरवलेलं नसतं आणि इथला धंदाही ठरवलेला नसतो. अण्णा भाऊंनी इतरत्र बाया फार ताकदीनं उभ्या केल्या आहेत, म्हणून इथलं तिचं मागे पडणं जास्त जाणवतं. कथेचा सगळा वेग भीमाच्या पाठीमागून धावतो आणि झोपडीत मागे राहिलेलं माणूस त्याच्या कक्षेबाहेर जातं.

जातीबद्दलही विचारणा होते. भीमाची जात कथेत सांगितलेली नाही. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनात, १९९२ मध्ये, ही कथा अनुवादरूपानं आली आणि तेव्हापासून ती त्या संदर्भात वाचली जाते, ते रास्तच आहे. मढ्याशी आणि मसणवटीशी निगडित कामं या समाजात कुणाच्या माथी मारली गेली हे वाचकाला माहीत असतं. पण मजकूर स्वतः बोट ठेवतो ते बेकारीवर आणि भुकेवर. हे दोन्ही अर्थ एकत्र धरून वाचलं तर कथा जास्त खुलते. एकाची निवड करून दुसरा टाकून द्यायची घाई करू नये.

आता शेवट. बोटं कापली त्याच दिवशी खाण सुरू होते, हा योगायोग अनेकांना ओढूनताणून आणलेला वाटतो. ‘लेखकानं रडवण्यासाठी केलंय’ असं एका मुलीनं स्पष्ट सांगितलं होतं, आणि तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तारखा इतक्या नेमक्या जुळल्या की लेखकाचा हात दिसतोच. तरीही मी या शेवटाच्या बाजूनं उभा राहतो, आणि त्याचं कारण कथेतच आहे. खाण बंद झाली तेव्हाही भीमाला कुणी विचारलं नव्हतं, आधी सांगितलं नव्हतं. ती का बंद झाली हे कथा खोलात सांगत नाही, कारण भीमालाही ते कुणी समजावून सांगत नाही. तसंच ती सुरू होते. कामाचं येणं-जाणं मालकाच्या वेळापत्रकावर आणि पोटाचं वेळापत्रक रोजचं. या दोन घड्याळांचा मेळ नसणं हाच रोजंदारीवरच्या माणसाचा अनुभव आहे. तो ‘त्याच दिवशी’ या दोन शब्दांत अण्णा भाऊंनी आवळून बसवला. दोन दिवस आधी किंवा आठ दिवसांनी असतं तर वास्तव जास्त पटलं असतं आणि डंख कमी झाला असता.

हत्तीसारखा भीमा लहान पोरासारखा रडतो आणि कथा थांबते. तो पुन्हा खाणीवर गेला का, हे सांगितलेलं नाही. मुलं यावर भांडतात: दोनच तर बोटं गेली, आठ आहेत की, घण धरता येईल. मी त्या खाणीतल्या म्हाताऱ्यांनाही हे विचारलं होतं. ते म्हणाले, कोणती बोटं गेली त्यावर आहे, पण भरतीच्या दिवशी फाटकावर मुकादम आधी हात बघतो.